लीप वर्ष, 29 फेब्रुवारी आणि संक्रांतीची 14-15 ची भानगड

शहापूर_पेठ
आमच्या गल्लीतल्या मंडळाची दिनदर्शिका छापायची आहे, 2027 आणि 2028 एकत्र. एक नियम ऐकून होतो की लीप वर्षात संक्रांत 15 जानेवारीला, एरवी 14 ला. 2024 ला 15 होती, 2025 आणि 2026 ला 14, म्हणजे नियम जुळतो. पण हातात आलेल्या पंचांगात 2027 लाही 15 दिलीय आणि 2028 लाही 15. 2027 काही लीप नव्हे. छपाईची चूक म्हणायची की आमचा नियमच कच्चा? आणि मुळात तो जादा दिवस फेब्रुवारीच्या शेवटी येतो, मग त्याच्याआधी येणाऱ्या जानेवारीतल्या सणावर त्याचा परिणाम होतोच कसा?

खडेबाजार_काका
नियम बरोबर आहे. लीप वर्षात एक दिवस वाढतो म्हणून संक्रांत एक दिवस पुढं जाते. पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला 365 दिवस आणि 6 तास लागतात, चार वर्षांत 6 चोक 24 तास, झाला एक दिवस. 2027 ची छपाईचीच चूक असणार.

वडगावकर_मास्तर
काका, 6 चोक 24 पर्यंत ठीक. पण दिवस वाढला की संक्रांत पुढं नाही जात, मागं येते. शहापूरकरांनी शेवटी विचारलंय तोच प्रश्न खरा आहे, त्यावरूनच सुरुवात करू.

सूर्य मकर राशीत शिरतो तो एक क्षण असतो, त्याला आपण संक्रमण म्हणतो. साधं 365 दिवसांचं वर्ष सरलं की कॅलेंडर म्हणतं वर्ष झालं, पण सूर्य अजून त्या जागी पोचलेला नसतो, त्याला आणखी सुमारे 6 तास 9 मिनिटं हवी असतात. म्हणून संक्रमणाची वेळ दरवर्षी तेवढी उशिरा पडते. अलीकडची वर्षं घ्या. 2024 ला 15 जानेवारीच्या पहाटे तीनच्या जरा आधी संक्रमण झालं. मग आला 29 फेब्रुवारी 2024. त्या एका दिवसानं पुढची प्रत्येक तारीख दिवसभर मागं ओढली, म्हणून 2025 ला संक्रमण 15 च्या सकाळी नऊला पडायचं ते 14 च्या सकाळी नऊला पडलं. 2026 ला 14 च्या दुपारी सव्वातीनच्या सुमारास. 2027 ला 14 च्याच रात्री सव्वानऊच्या सुमारास. 2028 ला मध्यरात्र ओलांडून 15 च्या पहाटे साडेतीनच्या आसपास. त्यानंतर 29 फेब्रुवारी 2028, की 2029 ला परत 14 ची सकाळ.

म्हणजे लीप वर्षातली संक्रांत 15 ला येते ती लीप वर्ष आहे म्हणून नव्हे. चार वर्षांची उधारी साठत साठत तिथं टोकाला पोचलेली असते. ती उधारी 29 फेब्रुवारीला फिटते, आणि फिटल्याचं दिसतं ते पुढच्या जानेवारीत.

आता 2027. संक्रमण सूर्यास्तानंतर झालं तर आपल्याकडे पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी धरतात. बेळगावात जानेवारीच्या मध्यावर सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो आणि संक्रमण रात्री सव्वानऊला आहे, म्हणून सण 15 ला. 2023 ला हेच झालं होतं, संक्रमण 14 च्या रात्री आणि तिळगूळ 15 ला. पंचांग बरोबर आहे, छापा.

चिकोडी_अक्का
पण 2026 ला अधिक ज्येष्ठ धरलाय की. अख्खा महिना जादा आणि वर्ष लीप नाही, हे कसं? धोंड्याचा महिना आला की लीप वर्ष असं नसतं काय?

वडगावकर_मास्तर
अक्का, त्या दोन वेगळ्या वह्या आहेत. अधिक महिना चांद्र वर्षासाठी. बारा अमावास्यांचं वर्ष 354 दिवसांचं, सूर्याच्या मानानं ते साधारण 11 दिवस तोकडं पडतं आणि 32-33 महिन्यांत तूट महिनाभराची झाली की अधिक महिना धरतात. 2023 ला अधिक श्रावण होता, आता 17 मे ते 15 जून 2026 अधिक ज्येष्ठ. 29 फेब्रुवारीचा त्याच्याशी संबंध नाही. कल्पना मात्र एकच, तूट साठू द्यायची आणि मग एकदम भरून काढायची.

घटप्रभा_काठ
मास्तर, एक हिशोब जुळेना. तूट 6 तास 9 मिनिटं म्हणालात. चार वर्षांत ती 24 तास 36 मिनिटं होते, आणि आपण भरतो 24 तास. वरची 36 मिनिटं जातात कुठं?

वडगावकर_मास्तर
कुठं जात नाहीत, संक्रांतीत साठत राहतात. म्हणून 2024 ला पहाटे तीनच्या आत असलेली वेळ 2028 ला साडेतीनला. दर चार वर्षांनी सुमारे 37 मिनिटं पुढं. नुसत्या त्यानं एक पूर्ण दिवस व्हायला साधारण 157 वर्षं लागतील, पण शतकाच्या वर्षी गाळले जाणारे लीप दिवसही धरले तर सरासरी साधारण 70 वर्षांत एक पूर्ण दिवस. याचा अंदाज हवा असेल तर 2026 चं सव्वातीन घ्या. त्या जागेवरचं वर्ष, म्हणजे 2030, 2034 असं करत, 2046 च्या पुढंमागं सूर्यास्ताला पोचेल आणि मग चारपैकी तीन वर्षं सण 15 ला पडेल. 2025 चं सकाळचं नऊ सूर्यास्ताला पोचायला 2085 च्या आसपास होईल. तिथून पुढं 14 ची संक्रांत संपली.

पण घटप्रभा, तुमच्या प्रश्नात आणखी एक गाठ आहे. लीप वर्षाचा नियम संक्रांतीसाठी बनवलेलाच नाही. तो 20-21 मार्चच्या विषुवदिनासाठी, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या क्षणासाठी आहे, कारण ऋतू त्याच्याशी बांधलेले आहेत. त्या वेळा भारतीय वेळेनुसार अशा: 2024 ला 20 मार्च सकाळी 8.36, 2025 ला दुपारी 2.31, 2026 ला रात्री 8.16, 2027 ला मध्यरात्रीनंतर, म्हणजे 21 ला 1.55, आणि 2028 ला परत 20 ला सकाळी 7.47. पहिली आणि शेवटची वेळ शेजारी ठेवा. चार वर्षांत विषुवदिन 49 मिनिटं मागं आला आणि त्याच चार वर्षांत संक्रांत 37 मिनिटं पुढं गेली.

घटप्रभा_काठ
एकाच सूर्याची दोन वर्षं?

वडगावकर_मास्तर
होय की. ताऱ्यांच्या मागच्या पडद्यावर सूर्य त्याच जागी परत यायला 365 दिवस 6 तास 9 मिनिटं. विषुवदिन ते विषुवदिन मात्र 365 दिवस 5 तास 49 मिनिटं, त्यातही पंधरा सेकंद कमीच. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा हळूहळू डुलतो, त्यामुळं विषुवबिंदू सूर्याला सामोरा सरकत येतो आणि भेट 20 मिनिटं आधी होते. आपलं पंचांग राशी ताऱ्यांवरून मोजतं, म्हणून त्याला पहिलं वर्ष लागू. इंग्रजी कॅलेंडरला दुसरं.

आता दुसऱ्या वर्षाची उधारी बघा. दर चार वर्षांनी आपण 24 तास भरतो, पण देणं होतं 23 तास 15 मिनिटांचं. दरवर्षी सव्वाअकरा मिनिटं जास्तीची. ती साठून 128 वर्षांत एक दिवस होतो, 400 वर्षांत तीन दिवसांच्या थोडं वर. म्हणून 400 वर्षांत 100 लीप दिवस न घालता 97 घालतात. कुठले तीन गाळायचे? शतकाचं वर्ष 400 नं भागलं तरच लीप. 1700, 1800, 1900 नाही, 2000 होय, 2100 नाही. इतकं करूनही वर्षाला 26-27 सेकंद उरतात. त्यांचा एक दिवस व्हायला तीन हजारांवर वर्षं लागतात, ती काळजी आपल्या दिनदर्शिकेला नको.

खडेबाजार_काका
बरं, मागं येते पुढं येते ते पटलं. पण शंभर वर्षांतून एक दिवस गाळला तर फरक कुणाला कळतो? 1900 ला काय झालं मग? आभाळ कोसळलं?

वडगावकर_मास्तर
काका, संक्रांतीनं ते जानेवारीत दाखवलंय. 1896 लीप होतं, पुढचं 1904. मधे आठ वर्षं 29 फेब्रुवारी आलाच नाही, म्हणजे उधारी न फिटता साठत गेली. आजच्या दृक् गणितानं मागं मोजलं तर 1897 ला संक्रमण 12 जानेवारीच्या दुपारी पडतं. 1899 ला 12 ची मध्यरात्र उलटून 13 ला. 1901 ला 13 च्या दुपारी. 1903 ला 14 च्या पहाटे आणि 1904 ला 14 च्या सकाळी आठ-साडेआठला. सात वर्षांत 12 ची 14 झाली. 1904 च्या 29 फेब्रुवारीनं ओढल्यावर 1905 ला 13 वर आली, 12 ला कधीच परत गेली नाही. जुन्या सूर्यसिद्धांती पंचांगात याच वेळा काही तासांनी वेगळ्या दिसतील, पण उडी तीच.

2100 ला पुन्हा हेच. 2096 नंतर थेट 2104. 2097 ला संक्रमण 14 च्या रात्री, तिथून सरकत 2102 ला 16 जानेवारीच्या पहाटे. आपली नातवंडं 16 ला तिळगूळ वाटतील.

जुनी_वही
1900 निघालंच आहे तर माझं अडलेलं काम विचारते. खानापूर तालुक्यातल्या एका जुन्या शाळेचं दाखल रजिस्टर एक्सेलमध्ये चढवतेय, नोंदी 1890 पासूनच्या. एका मुलाची जन्मतारीख चुकून 29-02-1900 टंकली गेली आणि एक्सेलनं ती मुकाट्यानं घेतली. 29-02-1901 टाकली तर ती तारीख म्हणून घेत नाही. मास्तर म्हणतात 1900 लीप नाही. मग खरं कोण?

टिळकवाडी_कोड
मास्तर खरे. एक्सेलमधली ही जाणूनबुजून ठेवलेली चूक आहे. आधीच्या लोटस 1-2-3 मध्ये 1900 लीप धरलं होतं, तिथल्या फायली जशाच्या तशा चालाव्यात म्हणून एक्सेलनं तीच मोजणी उचलली. आत तारीख म्हणजे नुसता आकडा असतो, 1 जानेवारी 1900 म्हणजे 1. तिथं 60 हा आकडा 29 फेब्रुवारी 1900 ला दिलाय, जो दिवस उगवलाच नाही.

याचा त्रास कुठं होतो बघा. 1 मार्च 1900 पासून पुढं सगळं बरोबर आहे. त्याआधीच्या दोन महिन्यांत वार एकानं चुकतो. 1 जानेवारी 1900 ला सोमवार होता, एक्सेल रविवार सांगेल. 28 फेब्रुवारी ते 1 मार्चचं अंतर 2 दिवस दाखवेल, खरं 1. आणि 1890 च्या तारखा ते तारीख म्हणून घेतच नाही. सेलमध्ये डावीकडं चिकटून दिसल्या की समजायचं त्या नुसता मजकूर आहेत, क्रम लावताना त्या वेगळ्या पडणार.

तुमच्यासाठी सोपा मार्ग म्हणजे दिवस, महिना, वर्ष असे तीन वेगळे रकाने करा. वर्ष A2 मध्ये असेल तर लीप तपासायला हे वापरा:

```
=IF(OR(MOD(A2,400)=0,AND(MOD(A2,4)=0,MOD(A2,100)<>0)),29,28)
```

हे फेब्रुवारीचे दिवस देतं. यात तारखेचा आकडा येतच नाही, नुसता भागाकार आहे, म्हणून 1900 ला 28 च मिळतं. नेटवर दुसरं एक छोटं सूत्र फिरतं, ते मात्र घेऊ नका:

```
=DAY(DATE(A2,3,0))
```

मार्चचा शून्यावा दिवस म्हणजे फेब्रुवारीचा शेवटचा, युक्ती छान आहे. पण 1900 ला 29 सांगतं. आणि A2 मध्ये 1899 किंवा आधीचं वर्ष असेल तर DATE त्यात गुपचूप 1900 मिळवतं. 1896 टाकलं की ते 3796 चा फेब्रुवारी मोजून देतं. तिथं उत्तर योगायोगानं बरोबर येतं, म्हणून चूक लक्षात येत नाही.

जुनी_वही
DATE वालंच लावलं होतं. बदलते. लिबरऑफिसमध्येही असंच?

टिळकवाडी_कोड
तिथं नेहमीच्या सेटिंगला मोजणी 30 डिसेंबर 1899 पासून आहे, म्हणून 60 म्हणजे 28 फेब्रुवारी आणि 61 म्हणजे 1 मार्च. दोघांचे आकडे 61 ला येऊन जुळतात. एक्सेलची फाईल तिथं उघडली तर 1900 च्या जानेवारी-फेब्रुवारीतल्या तारखा एक दिवस आधीच्या दिसतील. दोन्हीकडं उघडून ताडून बघा, त्या दोन महिन्यांतल्या नोंदी आहेतच किती.

मराठा_मंडळ_वाचक
संक्रांतीवरून आठवलं. पानिपत 14 जानेवारी 1761, संक्रांतीचाच दिवस. म्हणून तर आपण "संक्रांत कोसळली" म्हणतो. मग तेव्हाही 14 आणि आताही 14, मास्तरांचं 70 वर्षांचं गणित तिथं लागू होत नाही वाटतं.

वडगावकर_मास्तर
लागू होतं, आणि तो समज त्यानंच खोडला जातो. 2021 घ्या, संक्रमण 14 जानेवारीला सकाळी साडेआठला होतं. 1761 म्हणजे बरोबर 260 वर्षं मागं, चारचे 65 फेरे. प्रत्येक फेऱ्याला 37 मिनिटं मागं जायचं, सगळी मिळून सुमारे 40 तास. आलो 12 जानेवारीच्या दुपारी साडेचारला. आता मधे 1800 आणि 1900 ही दोन वर्षं आहेत, त्यांनी लीप दिवस गाळून संक्रांत एकेक दिवस पुढं ढकलली होती, ते दोन दिवस परत वजा करा. उत्तर 10 जानेवारी. पानिपतची लढाई संक्रांतीनंतर चार दिवसांनी झाली. तिथी पौष शुद्ध अष्टमी, ती पक्की आहे. "संक्रांत कोसळणं" हा वाकप्रचार काही त्या तारखेवर टेकलेला नाही.

ताळा हवा असेल तर 12 जानेवारी 1863, विवेकानंदांचा जन्मदिवस, बंगालात त्या दिवशी पौष संक्रांत होती. 2023 पासून 40 फेरे मागं जा, 1900 चा एक दिवस वजा करा, 12 तारीखच मिळते.

घटप्रभा_काठ
1761 ची तारीख नव्या कॅलेंडरची कशावरून?

वडगावकर_मास्तर
इंग्रजांनी 1752 ला बदललं, 2 सप्टेंबरनंतर एकदम 14 सप्टेंबर. रोमकडच्या देशांनी 1582 लाच, 4 ऑक्टोबरनंतर 15. तोवर विषुवदिन घसरत 11 मार्चवर आला होता, म्हणून दहा दिवस कापले. इंग्रज उशिरा आले, मधे त्यांच्या जुन्या हिशोबात 1700 लीप धरलं गेलं, म्हणून त्यांना अकरा कापावे लागले.

खडेबाजार_काका
रोमवाल्यांना सुरुवातीलाच का नाही जमलं?

टिळकवाडी_कोड
सुरुवातीला तर याहून वाईट केलं होतं. सीझरनं दर चौथ्या वर्षी म्हणून सांगितलं, तिथल्या पुरोहितांनी चालू वर्षही मोजणीत धरलं आणि दर तिसऱ्या वर्षी दिवस घालत गेले. आपण नाही का सोमवारी "आठ दिवसांनी ये" म्हणतो आणि माणूस पुढच्या सोमवारी येतो, तसंच. पुढं ऑगस्टसनं काही लीप दिवस गाळून ते सरळ केलं.

निपाणी_नाका
सगळं ठीक, पण मूळ मुद्दा सुटतोय. संक्रांत म्हणजे उत्तरायणाची सुरुवात. दिवस मोठा व्हायला लागतो 22 डिसेंबरपासून. मग आपण तीन-सव्वातीन आठवडे उशिरा तिळगूळ खातोय आणि दर 70 वर्षांनी आणखी एक दिवस उशीर करतोय. उद्या संक्रांत फेब्रुवारीत गेली तरी चालणार काय? पंचांगानंही विषुवदिनाचं वर्ष घ्यावं. मेघनाद साहांच्या समितीनं राष्ट्रीय दिनदर्शिका तशीच केलीय, 1957 पासून सरकारी आहे. चैत्र 22 मार्चला, लीप वर्षात 21 ला आणि 31 दिवसांचा.

चिकोडी_अक्का
आणि ती दिनदर्शिका बघून सण कोण करतं, सांगा बरं. आमच्या शेजारचे एळ्ळू-बेल्ल वाटतात तेव्हाच आम्ही तिळगूळ वाटतो. ते 15 ला आणि आम्ही 22 डिसेंबरला, असं कसं चालेल?

वडगावकर_मास्तर
निपाणीकर, उत्तरायण डिसेंबरात हे खरं. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी दोन्ही एकाच दिवशी होतं, तेव्हापासून 24 दिवसांचं अंतर पडलं. पण मकर संक्रांत म्हणजे सूर्य ताऱ्यांच्या मकरेत शिरण्याचा दिवस, असं धरलं तर पंचांग कुठंच चुकत नाही. सणाचा अर्थ ऋतूचा की राशीचा, हे गणितानं ठरत नाही.

निपाणी_नाका
राशीचं म्हणाल तर राशीची सुरुवात कुठून, यावर तरी कुठं एकमत आहे? टिळक पंचांग आरंभ वेगळा धरतं, त्यांची संक्रांत 10 जानेवारीच्या आसपास येते. ताऱ्यांवरूनच मोजतात तेही.

वडगावकर_मास्तर
ते बरोबर. तिथं माझ्याकडं उत्तर नाही.

शहापूर_पेठ
2027 आणि 2028 दोन्हीला 15 छापतो, खाली बारीक अक्षरात संक्रमणाची वेळ देतो. आमच्या गल्लीत टिळक पंचांगाची दोन घरं आहेत, त्यांच्यासाठी 10 च्या आसपासची तारीखही टाकायची काय? त्यांच्या पंचांगातली 2027 ची नेमकी वेळ कुणाकडं असेल तर कळवा, प्रूफ परवा जातंय.